परवानगी एकदाच, वाचन रोज : आपली चॅट्स तिसऱ्याच्या हाती कशी गेली

९ जुलै २०२५ रोजी 'अर्बन व्हीपीएन प्रॉक्सी' या फुकट मिळणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनची ५.५.० ही नवी आवृत्ती आली. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटासा प्रोग्रॅम. कुणी जाहिराती अडवायला टाकतं, कुणी स्पेलिंग तपासायला, कुणी व्हीपीएनसाठी. हे एक्स्टेन्शन एकट्या क्रोमवर साठ लाखांहून जास्त लोकांकडे होतं आणि गूगलच्या दुकानात त्याला 'Featured' हा खास बिल्लाही होता. त्या दिवशी या साठ लाखांपैकी कुणालाही काही विचारलं गेलं नाही. क्रोम एक्स्टेन्शन्स आपोआप अपडेट करतो, तसं तेही झालं. आणि त्या दिवसापासून ही मंडळी चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी, कोपायलट वगैरेंशी जे बोलली, ते बोलणं त्या कंपनीच्या सर्व्हरवरही जायला लागलं.

डिसेंबर २०२५ मध्ये 'कोई सिक्युरिटी' या सुरक्षा संशोधन करणाऱ्या कंपनीने हे उघड केलं. त्याच प्रकाशकाची आणखी काही एक्स्टेन्शन्स धरून एकूण आकडा ऐंशी लाखांच्या वर गेला.

बातमी आली आणि गेली. आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र हे प्रकरण 'अजून एक डेटाचोरी' म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही, कारण त्याच्या मागे वीस वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला की 'चॅट आपोआप सेव्ह करून देतो' म्हणणाऱ्या एक्स्टेन्शनला हो म्हणताना आपण नेमकं काय देतो, ते कळतं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात भल्या हेतूनेच झाली

२००५ च्या सुमारास आरन बूडमन या प्रोग्रॅमरचं फायरफॉक्ससाठीचं 'ग्रीझमंकी' हे एक्स्टेन्शन गाजत होतं. कल्पना भारी होती. वेबसाइट तुम्हाला जशी दाखवली जाते तशीच पाहायची सक्ती का? तुमच्या संगणकावर आल्यावर ते पान तुमचं आहे. त्यातलं एखादं बटण हलवा, रंग बदला, नको ते काढून टाका. लोकांनी शेकडो छोट्या स्क्रिप्ट्स लिहिल्या.

पण पान बदलायचं तर आधी ते वाचावं लागतं, आणि सगळी गोष्ट इथेच अडते. वेबसाइट आणि तुमचा ब्राउझर यांच्यामधला मजकूर कुलूपबंद असतो, म्हणजे पत्त्याआधी `https` दिसतं ते. वाटेत कुणी तो पकडला तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरं लागतात. एक्स्टेन्शन मात्र वाटेत बसलेलं नसतं, ते तुमच्या घरात बसलेलं असतं. कुलूप उघडून तुम्ही पत्र वाचायला घेता तेव्हा ते तुमच्या खांद्यावरून वाचतं. त्यामुळे ब्राउझरमध्ये उघडलेलं व्हॉट्सॅप असो की बँकेचं पान, वाटेतल्या एन्क्रिप्शनचा इथे काही उपयोग नाही.

जुलै २००५ मध्येच ग्रीझमंकीत एक मोठं भोक सापडलं. एखादी दुष्ट वेबसाइट या एक्स्टेन्शनचे जादा अधिकार वापरून तुमच्या संगणकावरच्या फाइली वाचू शकत होती. धावपळ करून ते बुजवलं गेलं. पण त्यातून घेतलेला धडा पुढे फार महत्त्वाचा ठरला. धडा असा होता की एक्स्टेन्शन लिहिणारा माणूस भला असतो, पण त्याच्या कोडमध्ये चुका असतात आणि बाहेरचा चोर त्या चुकांचा फायदा घेतो.

पुढे बूडमन गूगलमध्ये गेले आणि क्रोमची एक्स्टेन्शन व्यवस्था घडवणाऱ्यांपैकी एक झाले. २०१० मध्ये त्यांनी आणि तीन सहलेखकांनी या व्यवस्थेवर एक शोधनिबंध मांडला. त्यांनी फायरफॉक्सची २५ लोकप्रिय एक्स्टेन्शन्स तपासली. त्यातल्या फक्त तिघांना खरोखर पूर्ण अधिकारांची गरज होती, बाकीच्यांचं काम कमी अधिकारांत भागलं असतं. म्हणून क्रोममध्ये एक्स्टेन्शनने आधी यादी द्यायची की मला अमुक अधिकार हवेत, आणि वापरणाऱ्याने ती पाहून हो म्हणायचं, अशी पद्धत आली. त्या काळाच्या मानाने हे फार पुढचं पाऊल होतं.

मात्र निबंधात लेखकांनी स्पष्ट लिहिलंय की त्यांनी गृहीत धरलेलं एक्स्टेन्शन प्रामाणिक पण चुका असलेलं आहे. कुंपण बांधलं ते बाहेरच्या चोरासाठी. घरातल्याचीच नियत फिरली तर काय, हा त्या रचनेचा प्रश्नच नव्हता. नंतरची पंधरा वर्षं घडलं ते नेमकं हेच.

२०१६ : आधी गेले पत्ते

'वेब ऑफ ट्रस्ट' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. एखादी वेबसाइट विश्वासाची आहे की नाही हे हिरव्या-लाल खुणेने सांगायचं. त्यासाठी तुम्ही कुठल्या पानावर आहात हे त्याला कळायला हवं, म्हणजे परवानगी मागणं रास्तच होतं.

२०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेने एक शोधमोहीम केली. पत्रकार स्वेआ एकर्ट यांनी एक खोटी मार्केटिंग कंपनी उभी केली आणि बाजारात फोन फिरवले, की आम्हाला लोकांचा ब्राउझिंगचा डेटा हवाय. त्यांना नमुना म्हणून, फुकटात, सुमारे तीस लाख जर्मन नागरिकांचा एका महिन्याचा डेटा मिळाला. कोण कोणत्या पानावर किती वाजता गेलं, याची यादी. तिचा उगम शोधला तेव्हा बहुतेक डेटा मूठभर एक्स्टेन्शन्समधून आलेला निघाला आणि 'वेब ऑफ ट्रस्ट' त्यात होतं. विश्वासाची खूण दाखवणारंच ते!

विकणाऱ्यांचं म्हणणं होतं की डेटा निनावी आहे. एकर्ट आणि डेटा-तज्ज्ञ आंद्रेआस डेव्हेस यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या 'डेफ कॉन' परिषदेत दाखवलं की नाव शोधायला काही मिनिटं पुरतात. त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. ट्विटरवर स्वतःच्या ट्विट्सची आकडेवारी पाहायचं एक पान असायचं. त्याच्या पत्त्यात वापरकर्त्याचं नाव असे आणि ते पान फक्त त्यालाच उघडता येई. म्हणजे निनावी यादीत तो पत्ता दिसला की झालं, ही संपूर्ण यादी कुणाची ते कळलं. मग त्याच यादीतल्या बाकीच्या शेकडो नोंदींना ते नाव चिकटतं. एका न्यायाधीशाने पाहिलेल्या अश्लील वेबसाइट्स अशाच उघड्या पडल्या.

मला त्यातलं दुसरं उदाहरण जास्त अस्वस्थ करतं. त्या काळी गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकलेला मजकूर पानाच्या पत्त्यातच दिसायचा. जर्मनीतला एक पोलीस अधिकारी सायबर गुन्ह्याच्या तपासात परदेशी पोलिसांना मदत मागणारं पत्र भाषांतर करून घेत होता. ते पत्र त्या विक्रीच्या डेटात सापडलं. एक्स्टेन्शन घेत होतं फक्त पत्ते, पण पत्त्यातूनच पत्र निसटलं.

२०१९ : थांबून घेणारे

सॅम जडाली हे अमेरिकेत वेब होस्टिंगचा व्यवसाय करणारे गृहस्थ. त्यांच्या ग्राहकांचे खासगी दुवे एका विश्लेषण सेवेवर विक्रीला दिसले, आणि ते कुठून गळतात याचा माग काढत ते एक्स्टेन्शन्सपर्यंत पोचले. जुलै २०१९ मध्ये त्यांनी 'डेटास्पाय' या नावाने अहवाल दिला. आठ एक्स्टेन्शन्स, एक्केचाळीस लाखांपर्यंत वापरकर्ते. यातही गेले ते मुख्यतः पत्तेच. पण तोवर 'ज्याच्याकडे लिंक तोच पाहू शकेल' ही पद्धत सगळीकडे रुळली होती. त्यामुळे पत्त्यासोबत प्राप्तिकराची विवरणपत्रं, घरच्या कॅमेऱ्याची चित्रणं, रुग्णांची नावं, फेसबुक मेसेंजरवर पाठवलेल्या जोडफाइली, सगळंच उघडं पडलं.

त्यात एक तपशील असा होता की तो वाचून मी थांबलो. त्यातली काही एक्स्टेन्शन्स बसवल्याबरोबर काही करत नसत. सरासरी चोवीस दिवस गप्प बसत आणि मग डेटा पाठवायला लागत. बसवल्यावर एक-दोन दिवस तपासून 'ठीक दिसतंय' म्हणणारा माणूस त्यात हमखास फसतो.

याच काळात एक धंदाही रुजला. लोकप्रिय एक्स्टेन्शन लिहिणारा बहुतेकदा एकटा, हौशी माणूस असतो. वर्षानुवर्षं फुकट काम करून तो कंटाळतो. मग कुणीतरी येतं आणि म्हणतं, आम्ही विकत घेतो. 'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाख लोकांचं एक्स्टेन्शन २०२० मध्ये असंच विकलं गेलं. नवा मालक कोण ते धड कुणाला कळलं नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते बंद केलं. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने मधल्या काळात काहीच बदललं नव्हतं. तेच नाव, तेच चिन्ह. परवानगी दिली होती ती एका माणसाला, ती विकत गेली दुसऱ्याला.

२०२५ : आता संवादच

आता अर्बन व्हीपीएनकडे परत येऊ. कोई सिक्युरिटीने त्याचा कोड उघडून काय पाहिलं, ते साध्या शब्दांत सांगतो.

एक्स्टेन्शन तुमच्या टॅब्जवर नजर ठेवतं. तुम्ही चॅटजीपीटी उघडलं की ते त्या पानात आपली `chatgpt.js` ही स्क्रिप्ट घुसवतं. क्लॉडसाठी `claude.js`, जेमिनीसाठी `gemini.js`, अशी प्रत्येकासाठी वेगळी. ही स्क्रिप्ट काय करते? पान आणि सर्व्हर यांच्यातली देवघेव ब्राउझरमधल्या `fetch()` आणि `XMLHttpRequest` या दोन दारांतून होते. स्क्रिप्ट ही दोन्ही दारं काढून तिथे स्वतःची, हुबेहूब तशीच दिसणारी दारं बसवते. तुमचा प्रश्न बाहेर जाताना आणि उत्तर आत येताना या नव्या दारातून जातं आणि तिथे त्याची नक्कल काढली जाते. पानाला फरक कळत नाही, तुम्हालाही नाही. नक्कल मग एक्स्टेन्शनच्या मागच्या भागाकडे जाते आणि तिथून कंपनीच्या सर्व्हरकडे.

काय काय जात होतं? तुमचा प्रत्येक प्रश्न, त्याचं प्रत्येक उत्तर, संभाषणाचा क्रमांक, वेळ, कुठली सेवा आणि कुठलं मॉडेल. व्हीपीएन चालू असो वा बंद, हे सुरूच. बंद करायला सेटिंग्जमध्ये बटण नव्हतं. एकच उपाय, एक्स्टेन्शन काढून टाकणं.

आता २०१० ची ती परवानगीची यादी आठवा. व्हीपीएनला सगळ्या वेबसाइट्सवरचा अधिकार आधीपासूनच होता. अपडेटमध्ये नवा अधिकार मागितला तरच क्रोम एक्स्टेन्शन थांबवून तुम्हाला पुन्हा विचारतो. इथे नवा अधिकार लागलाच नाही, जुन्याच अधिकाराचा नवा वापर झाला. त्यामुळे विचारायचा प्रसंगच आला नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या गृहीतकाची किंमत ती ही.

आणि हे सगळं लपवून केलं होतं असंही नाही. जून २०२५ मध्ये बदललेल्या गोपनीयता धोरणात चॅटचा डेटा गोळा करून 'बायसायन्स' या डेटा-विक्रेत्या संलग्न कंपनीला देण्याचा उल्लेख होता. पण दुकानातल्या पानावर मात्र डेटा विकला जात नाही असं लिहिलेलं. शिवाय एक्स्टेन्शनमध्ये 'एआय सुरक्षा' नावाची सोय होती. तुम्ही चॅटमध्ये ईमेल किंवा फोन नंबर टाकायला गेलात की ते सावध करायचं. जो सावध करत होता तोच नक्कल काढत होता.

याच सुमारास, २०२५ च्या शेवटी, 'ऑक्स सिक्युरिटी' या दुसऱ्या संस्थेने आणखी दोन एक्स्टेन्शन्स पकडली. दोन्ही चॅटजीपीटी, डीपसीक वगैरे बाजूच्या पट्टीत वापरायची सोय देणारी, मिळून सुमारे नऊ लाख वापरकर्ते. ती परवानगी मागत होती 'निनावी आकडेवारी'साठी. प्रत्यक्षात दर तीस मिनिटांनी संपूर्ण चॅट्स आणि उघड्या टॅब्जचे पत्ते बाहेर पाठवत होती.

२०१६ ते २०२५ या प्रवासाचा अर्थ मला असा लागतो. आधी गेला तो तुम्ही कुठे गेलात याचा हिशोब. त्यावरून तुमच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधावा लागे. आता अंदाजाची गरज उरली नाही, कारण मनात काय आहे ते आपण स्वतःच पूर्ण वाक्यांत, पार्श्वभूमीसकट टाइप करतो. 'छातीत दुखतंय, पण घरी सांगितलेलं नाही' हे वाक्य कुठल्याही पत्त्यात सापडलं नसतं.

'ते आपोआप सेव्ह करणारं काहीतरी टाकून दे ना'

माझी एक वकील मैत्रीण आहे, जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करते. तिने मध्यंतरी फोन केला. "अरे, महिन्यापूर्वीचं एक चॅट सापडतच नाहीये. ते आपोआप सेव्ह करून ठेवणारं काहीतरी असतं ना, तेवढं टाकून दे."

मी विचारलं, "त्यात काय काय असतं?"

"असणार काय, नोटिशींचे मसुदे. अशील बोललेलं सगळं टाकते आणि म्हणते नीट क्रम लावून दे."

"नावासकट?"

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अरे पण ते माझ्याच लॅपटॉपवर राहणार ना?"

हा 'ना' फार मोठा आहे. चॅट सेव्ह करणाऱ्या एक्स्टेन्शनला चॅट वाचण्याचा अधिकार द्यावाच लागतो, त्यात गैर काही नाही. त्याच्या मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये साधारण असं लिहिलेलं असतं:

```
"content_scripts": [{
  "matches": ["https://chatgpt.com/*"],
  "js": ["saver.js"]
}]
```

याचा अर्थ, चॅटजीपीटीचं कुठलंही पान उघडलं की `saver.js` तिथे चालव. हे निदान एका साइटपुरतं आहे. `matches` मध्ये `<all_urls>` असेल तर बँक, ईमेल, सगळीकडे. पण वाचल्यानंतर ती प्रत कुठे ठेवायची, तुमच्या डिस्कवर की त्यांच्या सर्व्हरवर, हे या ओळींतून कळत नाही. 'आपोआप' आणि 'सगळ्या उपकरणांवर मिळेल' हे दोन शब्द जाहिरातीत एकत्र दिसले, तर प्रत कुठल्यातरी सर्व्हरवर जाणारच. दुसऱ्या उपकरणावर ती पोचणार कशी नाहीतर?

मी तिला म्हटलं, तुझ्या अशिलाने जे सांगितलं ते तिने तुला सांगितलंय. वकील-अशील गोपनीयता आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. ही जबाबदारी तुझी, एक्स्टेन्शनवाल्याची नाही. नवऱ्याच्या मारहाणीची हकीकत सांगणाऱ्या बाईने एक्स्टेन्शनच्या कुठल्याही चौकटीत 'हो' दाबलेलं नाही. चॅट सेवेवर ते टाकावं की नाही हा वेगळा प्रश्न, तोही तू विचारायलाच हवा. पण निदान तिथे तिसऱ्या माणसाची भर घालू नकोस.

मुंबईच्या जीपीओसमोर पत्रलेखक बसत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या घरची सुखदुःखं त्यांना सांगत आणि ते कागदावर उतरवून देत. तिसऱ्याने आपलं बोलणं ऐकणं आपल्याला नवीन नाही. पण त्याचा चेहरा दिसायचा, उद्या तो कुठे बसेल ते माहीत असायचं, आणि प्रत्येक पत्राची नक्कल काढून ती विकायचा धंदा त्याच्यामागे नव्हता.

तपासायचं कसं, आणि तपासाची मर्यादा

क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत `chrome://extensions` टाका. सगळी यादी दिसेल. मैत्रिणीच्या यादीत सात निघाली, त्यातली तीन कधी टाकली ते तिला आठवेना. प्रत्येकाच्या 'Details' मध्ये जा. तिथे 'Read and change all your data on all websites' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घ्या. वाचणं आणि बदलणं, सगळ्या साइट्सवर. 'Site access' मध्ये 'On click' निवडलं तर तुम्ही त्याच्या चिन्हावर क्लिक केल्याशिवाय ते पानाला हात लावू शकत नाही. ज्याला हे बंधन घातल्यावर काम करता येत नाही, त्याची गरज आहे का ते पाहा.

थोडी तांत्रिक सवय असेल तर आणखी एक करता येतं. त्याच पानावर 'Developer mode' चालू करा. एक्स्टेन्शनच्या खाली 'service worker' अशी लिंक येते. ती उघडून 'Network' टॅब पाहत राहा आणि दुसरीकडे चॅटमध्ये काहीतरी टाइप करा. प्रत्येक संदेशामागोमाग एक विनंती अनोळखी पत्त्यावर जात असेल तर उत्तर मिळालं.

पण उलटं खरं नाही, हे लक्षात ठेवा. काही दिसलं नाही म्हणजे काही जात नाही असं म्हणता येत नाही. वर पाहिलंच, कुणी तीस मिनिटं थांबतं, कुणी चोवीस दिवस. मजकूर अशा रूपात बांधून पाठवतात की नुसत्या डोळ्यांना तो ओळखू येत नाही. आणि आजचा तपास आजच्या आवृत्तीचा. रात्री अपडेट आलं की सकाळचं एक्स्टेन्शन वेगळं. कोड सगळ्यांना खुला असेल तर मदत होते, पण दुकानातून तुमच्याकडे आलेली प्रत त्याच कोडची आहे याची खात्री त्यातून मिळत नाही. बिल्ला, साडेचारच्या वरचे तारे, लाखो वापरकर्ते हे सगळं अर्बन व्हीपीएनकडे होतं.

म्हणून मी मैत्रिणीला एक्स्टेन्शन दिलंच नाही. चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये 'Data controls' खाली 'Export data' आहे, सगळ्या चॅट्सची फाइल ईमेलवर लिंकने मिळते. क्लॉडमध्येही निर्यातीची सोय आहे, जेमिनीचं गूगल टेकआउटमधून मिळतं. एखादंच चॅट हवं असेल तर `Ctrl+P` दाबून पीडीएफ करा. आपोआप होत नाही, आठवड्यातून एकदा हाताने करावं लागतं, हा तोटा आहेच. पण ज्या कंपनीकडे चॅट आधीच आहे तिच्याकडूनच ते परत घेतलं जातं, नवा वाचणारा वाढत नाही. व्हीपीएन, कूपन शोधणारं वगैरे एक्स्टेन्शन हवंच असेल तर त्यासाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा आणि चॅट, बँक, ईमेल त्या प्रोफाइलमध्ये उघडूच नका. एका प्रोफाइलमधलं एक्स्टेन्शन दुसऱ्यातली पानं वाचू शकत नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती विशिष्ट कारणासाठी, माहिती देऊन आणि निःसंदिग्धपणे घेतलेली हवी असं तो म्हणतो. भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही तो लागू आहे. कागदावर हे चांगलं आहे. व्हीपीएनसाठी दिलेली संमती चॅटच्या विक्रीला पुरते, असं या कायद्यापुढे म्हणणं कठीण जाईल.

पण दोन गोष्टी खटकतात. दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं चॅट गेलं त्याला भरपाईची तरतूद या कायद्यात नाही. आणि तक्रार करायला आधी कळायला हवं. अर्बन व्हीपीएनच्या बाबतीत पाच महिने कुणालाच कळलं नाही, आणि कळलं तेही एका खासगी संस्थेने कोड उघडून वाचला म्हणून. दुकान चालवणाऱ्याने, म्हणजे गूगलने आणि मायक्रोसॉफ्टने, एक्स्टेन्शनचा हेतू बदलला की अधिकार तेच असले तरी वापरणाऱ्याला पुन्हा विचारायला हवं. ही सक्ती करण्याइतकं बळ आपल्या डेटा संरक्षण मंडळाला मिळतं का, हे पाहावं लागेल. २०१० चं ते गृहीतक बदलायचं काम वापरणाऱ्यावर ढकलून चालणार नाही.

तोवर आपल्या हातात यादी उघडून पाहणं आहे. जे एक्स्टेन्शन का टाकलं ते आठवत नाही, ते काढून टाका. गरज पडली तर पुन्हा टाकायला एक मिनिट लागतं. गेलेलं चॅट परत आणायचा मात्र कुठलाच मार्ग नाही.